‘एक विचारू का?’ आणि मग गायब

माहिती अधिकाराचं काम करतो म्हणून मला सारखे मेसेज येतात: ‘दादा, एक विचारू का?’ मी लिहितो, ‘विचारा की.’ निळ्या टिका येतात, प्रश्न काही येत नाही. अहो, परवानगी कसली मागता? सरकारकडे माहिती मागतानासुद्धा कायद्यानं कारण सांगायला लावलेलं नाही, आणि माझ्यासारख्याच्या दारात तुम्ही चपला हातात घेऊन उभे!

यात नुकसान तुमचंच होतं. समजा, गावातल्या रस्त्याच्या बिलांसाठी तुम्ही २ जूनला अर्ज दिलात. उत्तराची मुदत ३० दिवस, म्हणजे २ जुलै. उत्तर आलं नाही तर पहिलं अपील त्यापुढच्या ३० दिवसांत, १ ऑगस्टपर्यंत. तुम्ही २५ जुलैला ‘विचारू का’ म्हणालात आणि दहा दिवसांनी पुन्हा ‘हॅलो दादा’. तारीख गेली ना! आता उशिराचं कारण लिहून द्यायचं, आणि ते मानायचं की नाही हे अपील अधिकाऱ्याच्या हातात. ज्याला रस्त्याचा हिशेब द्यायचा नाही, त्याला आणखी काय पाहिजे?

पहिल्याच मेसेजात लिहा: अर्ज कुठल्या ऑफिसात दिला, कधी दिला, उत्तर आलं का. पोचेचा फोटो जोडा. नाव फुटेल अशी धास्ती असेल तर तीही लिहा, त्यावर वेगळं बोलू. आणि शुद्धलेखनाचं टेन्शन घेऊ नका, इथं कोण पेपर तपासतंय!