सलाम जरूर, पण कामही सोबत

मोबाइलवरील संदेशांतून होणाऱ्या व्यवहारात एक जुनी रीत आपले नुकसान करीत आहे, असे आमचे मत आहे.

दुकानात सलाम, उत्तर, खैरियत आणि ‘अल्हम्दुलिल्लाह’ हे सारे अर्ध्या मिनिटात उरकते, कारण दोघेही समोरासमोर असतात. संदेशात मात्र प्रत्येक पायरीवर थांबावे लागते. समजा, भिवंडीतील एका कारखानदाराला उद्यासाठी 5 गोणी सूत हवे आहे. तो 10 वाजता फक्त ‘सलाम’ पाठवतो. व्यापारी माल मोजत असतो. 11 वाजता त्याचे उत्तर येते. मग ‘कसे आहात?’ आणि ‘ठीक, तुम्ही?’ यात दुपार होते. 3 वाजता सुताची गोष्ट निघते, तोवर टेम्पो गेलेला असतो. दुसऱ्या दिवशी माग बंद राहतात आणि कारागिराचा रोज बुडतो.

व्यापाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. त्याच्या पडद्यावर केवळ सलाम दिसला, घाई दिसली नाही. शिवाय नुसता सलाम आला की ‘उधारी मागणार’ अशी शंका येते आणि उत्तर लांबते.

सलाम सोडा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण सलामाच्या उत्तरासाठी काम अडवून ठेवण्याची गरज नाही. एकाच संदेशात लिहावे: ‘अस्सलामु अलैकुम, भाई. खैरियत असेल अशी उमेद. 40 नंबर सूत, 5 गोणी, उद्या सकाळी 9 पर्यंत कारखान्यावर हवे. भाव आणि उधारीची मुदत कळवा.’ व्यापारी एका उत्तरात सौदा पक्का करू शकतो.

गिऱ्हाइकाने नुसताच सलाम पाठवला तर त्याला टोकू नये. ‘वालेकुम सलाम, अल्लाहचा करम आहे, आपणही खैरियतने असाल. फर्मावा, कोणता माल, किती आणि कधी हवा?’ एवढे लिहिले की चारही पायऱ्या एकदम संपतात. व्यापाऱ्यांसाठीच्या व्हॉट्सॲपमध्ये आपोआप जाणारा स्वागत संदेश ठेवता येतो. त्यातही हेच तीन प्रश्न घालावेत. तिथे नुसता सलाम ठेवला तर गिऱ्हाइकाला वाटते की मालक हजर आहे, आणि तो पुन्हा वाट पाहत बसतो.

याला मर्यादा आहे. समोरच्याच्या घरी आजारपण किंवा मयत झाल्याचे ठाऊक असेल, तर त्या संदेशात फक्त विचारपूस असावी; सुताची गोष्ट नंतर काढावी. बुजुर्ग व्यापाऱ्याला तर फोनच करावा आणि खैरियत मनापासून विचारावी. त्या बोलण्यातच बाजाराची खबर मिळते, आणि कोणाचे पैसे अडकले आहेत तेही कळते. खैरियतीची जागा तिथे आहे. संदेशात ती कामाच्या आड येऊ नये.