सोयाबीनला खताच्या बॅगा किती? शिफारस हेक्टरची, खरेदी एकराची

धाराशिव जिल्ह्यात लोहारा तालुक्यातील सास्तूर परिसरात खरिपाच्या पेरणीआधी दुकानात विचारणा होते ती बॅगांची. कृषी विद्यापीठाची शिफारस मात्र हेक्टरी किलोत असते, आणि हे किलो खताचे नसून अन्नद्रव्यांचे असतात. नेमका इथेच हिशेब चुकतो.

मराठवाड्यासाठी परभणीच्या कृषी विद्यापीठाने सोयाबीनला हेक्टरी ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, ३० किलो पालाश आणि २० किलो गंधक अशी शिफारस केली आहे. '६० किलो स्फुरद' म्हणजे ६० किलो डीएपी असे समजून खत टाकले, तर पिकाला स्फुरद निम्म्याहूनही कमी मिळते. कारण डीएपीच्या १०० किलोत स्फुरद असते फक्त ४६ किलो. बॅगेवरचे १८:४६:० हे आकडे म्हणजे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाश यांची टक्केवारी.

आधी क्षेत्र

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये असते. १०० आर म्हणजे एक हेक्टर, आणि एक आर म्हणजे जवळपास एक गुंठा. हिशेबात पोटखराब धरायचे नाही, प्रत्यक्ष पेरले जाणारे क्षेत्रच घ्यायचे. समजा, पेरा ८० आरवर, म्हणजे साधारण दोन एकरांवर आहे. शिफारशीतील प्रत्येक आकड्याला ०.८० ने गुणले की या रानाची गरज निघते: नत्र २४, स्फुरद ४८, पालाश २४ आणि गंधक १६ किलो.

मग बॅगा

सूत्र एकच आहे: लागणारे अन्नद्रव्य × १०० ÷ खतातील टक्केवारी = खताचे किलो. सुरुवात स्फुरदापासून करावी, कारण डीएपीतून स्फुरदासोबत नत्रही येते.

४८ × १०० ÷ ४६ = सुमारे १०४ किलो डीएपी. बॅग ५० किलोची असते, म्हणजे दोन बॅगा आणि वर चार किलो. एवढ्यासाठी तिसरी बॅग फोडण्याची गरज नाही. दोन बॅगांतून ४६ किलो स्फुरद आणि १८ किलो नत्र मिळते.

नत्र आता सहाच किलो कमी पडते. युरियात ४६ टक्के नत्र असते, त्यामुळे १३ किलो युरिया पुरतो. युरियाची बॅग ४५ किलोची असते, ५० ची नव्हे. म्हणजे पाव बॅगेपेक्षा थोडा जास्त. सोयाबीनच्या मुळांवरील गाठी हवेतला नत्र वापरतात. उरलेला युरियाही टाकून मोकळे झाले, तर झाड पाल्यालाच लागते.

पालाशासाठी ६० टक्क्यांचे म्युरेट ऑफ पोटॅश घेतले, तर २४ × १०० ÷ ६० = ४० किलो लागते. ५० किलोच्या बॅगेतले दहा किलो उरतात.

एकरी एक बॅग पुरते का?

अनेक जण एकरी एक बॅग डीएपी टाकतात. वरच्या हिशेबात ही सवय स्फुरदापुरती खरी ठरते. पण त्या बॅगेत पालाश नाही, गंधकही नाही. सोयाबीन हे तेलबियांचे पीक असल्याने गंधकाची उणीव दाण्यातील तेलावर येते. त्यामुळे डीएपी घेणाऱ्याने १६ किलो गंधक वेगळे धरायला हवे.

डीएपी मिळाले नाही, तर सिंगल सुपर फॉस्फेट हा पर्याय आहे. पण बॅगेला बॅग अशी अदलाबदल करता येत नाही. त्यात स्फुरद १६ टक्केच असल्याने ४८ किलोसाठी ३०० किलो, म्हणजे सहा बॅगा लागतात. दोनच बॅगा टाकल्या, तर स्फुरद मिळते फक्त १६ किलो, गरजेच्या एक तृतीयांश. या खतात नत्र नसल्याने युरिया ५२ किलो, म्हणजे एक बॅग आणि सात किलो घ्यावा लागतो. पोटॅश तेवढेच. फायदा असा की सुपर फॉस्फेटमधील ११ टक्के गंधकामुळे ३३ किलो गंधक त्यातच मिळते आणि वेगळे घ्यावे लागत नाही.

पडताळा उलटा करावा

बॅगा × वजन × टक्केवारी ÷ १०० केले की अन्नद्रव्याचे किलो निघतात. त्यांना हेक्टरमधील क्षेत्राने भागले की आकडा थेट शिफारशीशी ताडता येतो. डीएपीच्या दोन बॅगांचे ४६ किलो स्फुरद ०.८० ने भागल्यास ५७.५ येते. ६० च्या तुलनेत ही तूट किरकोळ आहे.

शिफारस ही सर्वसाधारण जमिनीसाठी असते. काळ्या जमिनीत पालाश अनेकदा भरपूर असते, तेव्हा माती परीक्षणाचा अहवाल असेल तर गुणाकाराआधी त्यानुसार मात्रा बदलावी. आणि शिफारस छापणाऱ्यांनी हेक्टरी किलोंशेजारी एकरी बॅगांचा रकानाही द्यावा. शेतकरी दुकानात पैसे मोजतो ते बॅगेचे.