नाण्याने काय विकत घेतलं?

माझा मामा मला फोनवर गेम खेळताना पाहतो आणि दर वेळी तेच ऐकवतो. ‘आमच्या पार्लरमध्ये एक रुपया टाकायचा आणि हातात दम असेल तेवढं खेळायचं. तुमच्यासारखं पैसे मोजून पुढे जायची सोय नव्हती.’ हे ऐकून पूर्वी मला लाज वाटायची, कारण तीन आठवड्यांत एका गेममध्ये मी साडेचारशे रुपये घालवले होते. आता वाटत नाही. मामाचं म्हणणं अर्धंच खरं आहे आणि उरलेल्या अर्ध्याबद्दल मला भांडायचं आहे.

आधी खरा भाग बघू. १९७९मध्ये अटारीचा ‘अ‍ॅस्टेरॉइड्स’ आला. त्यात पंचवीस सेंटचं नाणं टाकलं की साधारण तीन यानं मिळायची. मोठा दगड फोडला की २० गुण, मधला ५०, छोटा १००. छोटी उडती तबकडी पाडली तर थेट १०००. दर १०,००० गुणांना एक यान फुकट. या खेळात ‘कंटिन्यू’ नव्हतं. शेवटचं यान फुटलं की नवीन नाणं आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात. नाण्याने फक्त सुरुवात मिळायची, आणि ती सगळ्यांना सारखीच. म्हणूनच पडद्यावरच्या गुणांना अर्थ होता.

पण हा उदारपणा हिशेबी होता. यंत्र बहुतेकदा दुसऱ्याच्या दुकानात किंवा बारमध्ये ठेवलेलं असायचं. पेटीतल्या नाण्यांत यंत्रमालक आणि दुकानदार अशा दोघांचा वाटा. एका यंत्रावर एका वेळी एकच जण खेळणार, म्हणजे कमाई एकाच गोष्टीवर ठरणार : डाव किती लवकर संपतो. तीन मिनिटांचा डाव धरला तर तासाला वीस डाव, म्हणजे पाच डॉलर. डाव फार लवकर संपला तर गिऱ्हाईक चिडून परत येत नाही. लांबला तर पेटी रिकामी. जादा यान हे या दोन टोकांमधलं आमिष होतं. ‘पॅक-मॅन’च्या यंत्रात तर आतल्या बोर्डावर छोटे डिप स्विच असायचे. जीव एक, दोन, तीन की पाच. जादा जीव १०,००० गुणांना, १५,०००ला, २०,०००ला की कधीच नाही, हे मालक ठरवायचा.

खेळाडूंनी हे गणित उलटवलं. ‘अ‍ॅस्टेरॉइड्स’मध्ये ते एखाद-दुसराच दगड शिल्लक ठेवायचे आणि पडद्याच्या कडेला दबा धरून छोट्या तबकड्या टिपायचे. दहा तबकड्या म्हणजे एक यान. सराईत खेळाडू एका नाण्यावर तीन तास उभा राहिला, तर जिथे पंधरा डॉलर यायचे तिथे पंचवीस सेंट. अटारीने १९८१च्या ‘अ‍ॅस्टेरॉइड्स डिलक्स’मध्ये याचा बंदोबस्त केला. तबकड्या पडद्याच्या कडेपलीकडूनही नेम धरू लागल्या.

खरं उत्तर मात्र १९८५मध्ये आलं. ‘अ‍ॅस्टेरॉइड्स’ घडवणाऱ्या एड लॉगनेच ‘गाँटलेट’ केला. चौघांनी एकत्र खेळायचं आणि चौघांनी नाणी टाकायची. यात जीव मोजलेलेच नव्हते. एक आकडा होता, आरोग्याचा. कोणी मारलं नाही, नुसते उभे राहिलात, तरी तो घसरत राहायचा. चक्रव्यूहात अन्न सापडलं की १०० वाढायचा. नाहीतर नाणं टाका, आकडा वर जाईल आणि तुम्ही तिथेच, तसेच पुढे. नाणं आता सुरुवात विकत नव्हतं, मरण लांबवत होतं.

पुढे ‘कंटिन्यू?’ आणि त्याखाली उलटी मोजणी सर्रास झाली. यात गुणांचं काय होतं, हे बनवणाऱ्यांनाही ठाऊक होतं. अनेक जपानी खेळांत गुण दहाच्या पटीत मिळतात, म्हणजे शेवटचा अंक कायम शून्य. ‘कंटिन्यू’ केलं की गुण कोरे होतात आणि त्या अंकाच्या जागी १ येतो, पुढच्या वेळी २. नाणी ओतून शेवट गाठणाऱ्याच्या गुणांवर तसा शिक्काच बसतो.

आता मामाकडे येते. त्याचा लाडका ‘मुस्तफा’, म्हणजे कॅपकॉमचा १९९३चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. मी त्याला विचारलं, ‘शेवटचा बॉस किती रुपयांत मारलास?’ तो हसला. ‘चौदा-पंधरा. मोजणी संपायच्या आत नाणं टाकायला मित्र धावायचा.’

म्हणजे माझ्या फोनवरचं ‘पुन्हा जिवंत व्हा’ हे बटण त्याच्याच पार्लरमधून आलं आहे. फरक एवढाच, की त्याच्या खिशातले रुपये संपायचे आणि तो घरी जायचा. माझं कार्ड गेमला जोडलेलं होतं. ते मी आता काढून टाकलंय. मोजणी शून्यावर येते, डाव संपतो. मग मी पहिल्यापासून सुरू करते.