डिस्चार्ज कार्डाची भाषा : भाषांतर पुरेसे नाही, कृती हवी

रुग्णालयातून घरी जाताना ज्येष्ठ रुग्णाच्या हाती जे डिस्चार्ज कार्ड पडते, त्याचे वाचक दोन असतात. पहिला पुढच्या वेळी तपासणारा डॉक्टर आणि दुसरा दररोज गोळ्या देणारा घरातला माणूस. आज बहुतेक कार्डे पहिल्यासाठीच लिहिली जातात. त्यातील इंग्रजी शब्द, लघुरूपे आणि आकडे डॉक्टरला पुरेसे असतात. सून, मुलगा किंवा स्वतःही सत्तरी गाठलेली पत्नी यांच्यासाठी मात्र तेच कार्ड निरुपयोगी ठरते.

रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती मिळणे हा त्याचा हक्क आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्ण हक्क सनदेत तो नमूद आहे. रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या 'एनएबीएच'च्या निकषांतही दोन अपेक्षा आहेत. औषधे व पुढील काळजीच्या सूचना समजण्याजोग्या असाव्यात आणि तातडीची मदत केव्हा व कशी घ्यावी हे कार्डावर लिहिलेले असावे. नियम अशा प्रकारे आहेत. प्रश्न आहे तो 'समजण्याजोगे' म्हणजे नेमके काय, याचा.

नमुन्यादाखल हृदय कमकुवत झाल्याने अंगावर पाणी साचून दाखल झालेल्या ७४ वर्षांच्या रुग्णाचे कार्ड घेता येईल. अशा कार्डावर साधारणपणे पुढील गोष्टी असतात : फ्युरोसेमाइड ४० मिलिग्रॅम १-०-०, स्पायरोनोलॅक्टोन २५ मिलिग्रॅम ०-१-०, फ्लुइड रिस्ट्रिक्शन दीड लिटर, सॉल्ट रिस्ट्रिक्टेड डाएट, डेली वेट, रिव्ह्यू एसओएस.

याचे केवळ मराठी भाषांतर केले, तर पहिल्याच ओळीवर अडचण येते. फ्युरोसेमाइडसाठी 'मूत्रल औषध' हा शब्द इंग्रजीइतकाच परका आहे. 'लघवीची गोळी' हा शब्द सोपा असला तरी घातक ठरू शकतो. लघवीचा त्रास नसताना ही गोळी कशासाठी, असे वाटून रुग्ण ती बंद करतो. त्याऐवजी असे लिहिता येईल : "अंगात साचलेले जादा पाणी लघवीवाटे बाहेर काढणारी गोळी. सकाळी एक. गोळीनंतर काही तास लघवी जास्त होईल. तो गोळीचा परिणाम आहे. म्हणून रात्री घेऊ नये आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये." गोळी कशासाठी, ती केव्हा घ्यायची, घेतल्यावर काय होईल आणि काय करू नये, ही चारही उत्तरे या मजकुरात आहेत.

दीड लिटर द्रवाची सूचना त्याहून अवघड आहे. घरात कोणी पेले मोजत नाही आणि प्रत्येक घरातला पेला वेगळा असतो. शिवाय 'पाणी कमी प्या' म्हटले की चहा, ताक, आमटी आणि पेज मोजणीतून सुटतात. सोपी सूचना अशी : "रोज सकाळी एक लिटरची एक आणि अर्ध्या लिटरची एक बाटली पाण्याने भरून ठेवा. पिण्याचे पाणी याच बाटल्यांतून घ्या. एक कप चहा, ताक किंवा आमटी दिली, तर तेवढेच पाणी बाटलीतून काढून टाका. बाटल्या रिकाम्या झाल्या की त्या दिवसाचे पिणे संपले."

मिठाच्या सूचनेत एक छुपा धोका आहे. 'मीठ कमी' वाचून घरचे लोक लोणचे आणि पापड बंद करतात, पण साध्या मिठाऐवजी सैंधव वापरू लागतात. सैंधवातही सोडियम असतेच. काही जण बाजारातील 'कमी सोडियम'चे मीठ आणतात. अशा अनेक मिठांत सोडियमच्या जागी पोटॅशियम असते. स्पायरोनोलॅक्टोन शरीरातील पोटॅशियम आधीच वाढवते. वृद्धांची मूत्रपिंडे मंद असतील, तर हे प्रमाण हृदयाचे ठोके बिघडवण्याइतके वाढू शकते. म्हणून "सैंधव चालणार नाही, कमी सोडियमचे मीठही चालणार नाही" हे वाक्य कार्डावर स्पष्ट असले पाहिजे. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणल्या जाणाऱ्या आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्यांबाबतही तसेच. त्यांनी शरीरात पाणी साठते आणि मूत्रपिंडांवर ताण येतो.

'डेली वेट' आणि 'रिव्ह्यू एसओएस' या दोन सूचना कार्डावर वेगवेगळ्या ओळींत असतात, पण घरात त्या एकत्रच लागतात. वजन कशासाठी घ्यायचे आणि किती वाढले की निघायचे, हे कोणी सांगितलेले नसते. एसओएस म्हणजे 'गरज पडल्यास'. गरज केव्हा पडली हे ठरवण्याची जबाबदारी मात्र डॉक्टरकडून घरच्यांवर येऊन पडते. नव्या कार्डात ती पुन्हा डॉक्टरकडे जाते : "सकाळी लघवी करून आल्यावर, काही खाण्यापूर्वी वजन करा व लिहून ठेवा. तीन दिवसांत दोन किलोंपेक्षा जास्त वाढले, तर त्याच दिवशी फोन करा. काटा नसेल, तर घोट्याजवळ बोटाने दाबून पाहा. खळगा राहत असेल, तर पाणी साचते आहे. रात्री धाप लागून उठावे लागले किंवा झोपताना जास्त उशा लागू लागल्या, तर थांबू नका, रुग्णालयात या."

आणखी एक चूक औषधांच्या नावांत होते. रक्तदाबाचे तेच औषध घरी एका कंपनीच्या नावाने असते आणि रुग्णालय दुसऱ्या कंपनीचे लिहून देते. दोन्ही सुरू राहतात आणि दुप्पट मात्रा पोटात जाते. त्यामुळे औषधांची यादी तीन भागांत हवी : नव्याने सुरू केलेली, पूर्वीचीच चालू ठेवायची आणि बंद करायची. शेवटचा भाग बहुतेक कार्डांवर नसतोच. मात्रा आकड्यांबरोबर अक्षरांतही लिहावी. घाईत लिहिलेले १ आणि ९ थकलेल्या डोळ्यांना सारखेच दिसतात. 'अर्धी गोळी' मात्र कोणी चुकीची वाचत नाही.

कागद कितीही सोपा केला, तरी तो समजला की नाही हे पाहणे उरतेच. "समजले ना?" या प्रश्नाला ज्येष्ठ रुग्ण बहुधा "हो" असेच उत्तर देतात. त्याऐवजी परिचारिकेने गोळ्या समोर ठेवून विचारावे : "उद्या सकाळी यातली कोणती द्याल? वजन दोन किलोंहून जास्त वाढले तर काय कराल?" उत्तर चुकले, तर दुरुस्ती कागदात करायची असते. वाचता न येणाऱ्यांसाठी तर हीच मुख्य पायरी आहे. त्यांच्या पाकिटांवर सूर्य व चंद्राची खूण करता येते. इंदूर, वडोदरा किंवा हैदराबादमधील मराठी कुटुंबांत आजीला एक भाषा आणि औषध देणाऱ्या नातवाला दुसरी लिपी सोयीची असू शकते. कागद कोणाच्या भाषेत हवा, हे त्यामुळे विचारूनच ठरवावे लागते.

या प्रयत्नांच्या मर्यादाही आहेत. बोस्टनमधील एका रुग्णालयात २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७४९ रुग्णांच्या अभ्यासात सोपी पुस्तिका, समजावून सांगणारी परिचारिका आणि नंतर औषधतज्ज्ञाचा फोन, असे तिन्ही एकत्र दिल्यावर महिनाभरातील तातडीच्या भेटी व पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटले. त्याचे श्रेय एकट्या कागदाला देता येत नाही. इंग्रजी कार्डही काढून टाकता येणार नाही, कारण पुढच्या डॉक्टरला आणि विम्याच्या कागदपत्रांना तेच लागते. घरच्यांसाठी वेगळे पान असावे, ते त्याच डॉक्टरने वाचून त्यावर सही करावी, एवढाच व्यवहार्य मार्ग उरतो. प्रत्येक आजाराचा नमुना एकदा नीट तयार झाला, की प्रत्येक रुग्णासाठी त्यात फक्त गोळ्या, मात्रा आणि फोन क्रमांक भरायचे राहतात. मात्र समोर बसून दोन प्रश्न विचारण्यासाठी लागणारी दहा मिनिटे रुग्णालयांना कामाच्या वेळापत्रकात धरावी लागतील.