मुलाची किडनी आईला का चालली नाही?

किडनी द्यायची म्हटलं की घरात पहिला प्रश्न येतो, "किती टक्के मॅच झालं?" दहावीचा निकाल विचारावा तसा. प्रश्न बरोबर आहे, पण त्याचा नंबर दुसरा. ओळखीतल्या एका घरात हे जवळून पाहिलं.

बाई ४४ वर्षांच्या, डायलिसिसवर. नवरा, मुलगा, धाकटा भाऊ, तिघांचेही रक्तगट चालणारे. मग एचएलए तपासलं. एचएलए म्हणजे पेशींवरची प्रथिनं. घरचं कोण आणि परकं कोण, हे शरीर त्यांच्यावरून ओळखतं. किडनीसाठी मुख्यतः ए, बी आणि डीआर बघतात. प्रत्येकाचा एक नमुना आईकडून, एक वडिलांकडून, म्हणून हिशेब सहाचा. मुलाचे तीन जुळले, नवऱ्याचा एक, भावाचा एकही नाही. सख्खा भाऊ आणि शून्य? होतं तसं. भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, अजिबात न जुळण्याचीही तेवढीच.

साहजिकच मुलगा पुढे झाला. पण क्रॉसमॅच बाकी होतं. त्यात बाईंचं सिरम आणि मुलाच्या पांढऱ्या पेशी एकत्र ठेवल्या. पेशी मेल्या. नवऱ्याच्याही मेल्या. भावाच्या मात्र जगल्या.

कारण बावीस वर्षांपूर्वीचं. पोटातल्या बाळाचं निम्मं एचएलए बापाचं असतं. गरोदरपणात आणि बाळंतपणात बाळाच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात उतरतात आणि काही जणींचं शरीर त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं. ती ओळख वर्षानुवर्षं पुसली जात नाही. आता तोच बापाकडचा निम्मा भाग मुलाच्या किडनीत परत समोर येणार होता. अशा अँटिबॉडी किडनीच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर तुटून पडतात; गुठळ्या होतात आणि टाके घालेपर्यंतच गुलाबी किडनी निळी-काळी पडू शकते. पटेल आणि तेरासाकी यांनी १९६९ मध्ये दाखवलं, की क्रॉसमॅच पॉझिटिव्ह असताना बसवलेल्या ३० पैकी २४ किडन्या लगेच बंद पडल्या.

भावाचं सगळंच परकं, पण त्याच्याविरुद्ध तयार शस्त्र नव्हतं. त्याचीच किडनी बसवली. न जुळण्याची किंमत नंतर मोजावी लागते, हेही खरं: औषधं जास्त, रिजेक्शनचा धोका जास्त, आणि पूर्ण जुळलेल्या भावंडाची किडनी सहसा जास्त वर्षं टिकते.

चौथ्या महिन्यात क्रिएटिनिन १.१ वरून १.८ वर गेलं. ना दुखणं, ना ताप, लघवीही नेहमीसारखी. रक्त तपासलं नसतं तर कळलंच नसतं. बायोप्सीत टी-पेशी किडनीच्या नलिकांत शिरलेल्या दिसल्या. तीन दिवस शिरेतून स्टेरॉइड दिल्यावर आकडा १.३ वर आला. रिजेक्शन रोखणाऱ्या टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी मात्र फारच कमी निघाली. डॉक्टरांनी खोदून विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "भाचीच्या लग्नात चार दिवस गोळ्यांची वेळ चुकली हो."