रिकामा मजला, दहा टेबले

कोर्टाच्या, तहसील कचेरीच्या किंवा स्टेशनच्या आसपास हिंडून पाहिले म्हणजे ध्यानात येते की खाली झेरॉक्सचे दुकान जोरात चालते आणि वरच्या मजल्याला कुलूप असते. कुणी निवृत्तीच्या फंडातून जागा घेतलेली असते, कुणाचा छापखाना बंद पडून मजला उरलेला असतो. दुसरीकडे आपलीच मुले-मुली वकिलीची सनद घेऊन, हिशेबाचे काम शिकून बाहेर पडतात आणि बसायला टेबल नाही म्हणून पक्षकाराला चहाच्या टपरीवर भेटतात. त्यांना अख्खा गाळा परवडत नाही, मालकाला अख्खा गाळा घेणारा मिळत नाही. अशा वेळी मजला एकेका टेबलाने भाड्याने देता येतो. त्याचा हिशेब आज मांडतो.

समजा, सहाशे चौरस फूट वापराची जागा आहे. चार फूट बाय दोन फुटांचे टेबल, मागे खुर्ची सरकवायला तीन फूट, जायला-यायला वाट, कोपऱ्यात पाण्याचा पिंप आणि डबा खायचे टेबल, हे सारे धरले तर माणशी साठ चौरस फूट लागतात. म्हणजे दहा टेबले. हौसेने चौदा बसवणारे आहेत. तिथे एकाने फोन उचलला की उरलेल्या तेरा जणांचे काम थांबते, आणि चांगली माणसे आधी सोडून जातात.

आता दर. मजला अख्खा दिला असता तर २४,००० रुपये भाडे आले असते, असे धरू. देखभाल आणि मालमत्ता कर मिळून महिना ५,०००, झाडलोट करणाऱ्या बाईंचा पगार ३,०००, इंटरनेट १,५०० आणि पाणी-दुरुस्तीचे १,५००. एकूण ३५,०००. बहुतेक मालक याला दहाने भागतात आणि टेबलाला ३,५०० रुपये दर सांगतात. पण दहाही टेबले बारा महिने भरलेली राहत नाहीत. सात भरली तर २४,५०० येतात. वरचा ११,००० खर्च वजा जाता हातात १३,५०० उरतात. मग अख्खा गाळा देणेच बरे होते, असे वाटू लागते. म्हणून भागाकार सातने करावा. दर ५,००० बसतो. सात टेबलांवर जागेचे पूर्ण भाडे सुटते. आठवे, नववे टेबल भरले तर त्या पैशातून खुर्च्या, वायरिंग आणि पंख्यांचा खर्च भरून निघतो. आसपासच्या मानाने ५,००० चालत नसतील, तर हा धंदा त्या जागी जमणारा नाही हे टेबले विकत घेण्याआधीच कळते.

विजेचे बिल आम्ही वर मुद्दाम धरले नाही, कारण भांडणे होतात ती इथेच. बिल सगळ्यांत वाटून घेऊ, असे तोंडी ठरते. सुरुवातीला चारच जण असतात. बिल ६,००० आले की प्रत्येकाला १,५०० पडतात. एकजण कंटाळून जातो, तर उरलेल्या तिघांना दोन-दोन हजार. मग तेही जातात. पंखे, दिवे आणि एसी चार माणसांना लागतात तेवढेच जवळजवळ दहांना लागतात, हे त्याचे कारण. तेव्हा वाटणी माणसांवर करू नये, टेबलांवर करावी. दहा टेबले, म्हणून टेबलाला ६००. रिकाम्या टेबलाचा वाटा मालकाने भरावा. टेबले रिकामी ठेवण्याचा भुर्दंड भाडेकरूवर का? बिलाची प्रत दरमहा भिंतीवर लावावी. एसीला वेगळा पोटमीटर बसवून वेळ ठरवावी, समजा दहा ते सहा. त्यानंतर ज्याला एसी हवा त्याने वहीत मीटरचा आकडा लिहून बसावे आणि तेवढ्या युनिटांचे पैसे त्याच्याकडून घ्यावेत.

कागदपत्रांत दोन गोष्टींना जपावे. मजला आपल्याच मालकीचा नसेल, आपणच तिथे भाडेकरू असू, तर मूळ मालकाची लेखी परवानगी घेतल्याशिवाय एकही टेबल देऊ नये. पोटभाडेकरू ठेवणे हे जागा खाली करून घ्यायचे कारण ठरते. दुसरे, लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असावा आणि नोंदवलेला असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या ५५ व्या कलमाने नोंदणीची जबाबदारी जागा देणाऱ्यावर टाकली आहे. नोंदणी नसेल तर शिक्षेची तरतूद आहेच, शिवाय अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते.

पण नुसते कागदावर 'लायसन्स' लिहून भागत नाही. दिल्लीच्या एका हॉटेलात केशकर्तनासाठी दिलेल्या जागेचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. १९५९ साली न्यायालयाने करारातल्या नावापलीकडे जाऊन पाहिले, जागेचा एकट्याने ताबा कुणाकडे आहे हे तपासले, आणि लायसन्स म्हटलेला व्यवहार भाडेपट्टा ठरवला. म्हणून मजल्याची किल्ली मालकाकडे किंवा त्याच्या माणसाकडे राहावी. फळ्या ठोकून कुणाला स्वतंत्र कुलपाची खोली करून देऊ नये. खणाला कुलूप चालेल. टेबल बदलून देण्याचा हक्क करारात लिहून ठेवावा.

वागण्याचे नियम थोडे असावेत आणि दारापाशी लावलेले असावेत. लांबचा फोन जिन्यात जाऊन करायचा. एका वेळी दोनच पाहुणे. पक्षकारांची रांग खाली थांबेल. दुसऱ्याच्या टेबलावरचा कागद उचलायचा नाही, वकील आणि हिशेबनीस शेजारी बसतात तिथे हे फार महत्त्वाचे. डबा ठरल्या टेबलावर खायचा आणि टेबल पुसून ठेवायचे. डब्यात काय आहे, हे मात्र कुणी विचारायचे नाही. खोली शोधताना 'तुम्ही काय खाता' हा प्रश्न आडून काय विचारतो, हे आपल्याला सांगायला नको. आपल्या मजल्यावर तो दुसऱ्या कुणालाही ऐकावा लागू नये.

पत्त्याचा प्रश्न राहिला. जीएसटीची नोंदणी किंवा बँकेत धंद्याचे खाते काढायचे म्हणून भाडेकरू मालकाचे संमतीपत्र आणि वीजबिल मागतात. देण्यात गैर नाही, पण कोणाला कधी दिले ते वहीत लिहावे. माणूस सोडून जातो, पत्ता मात्र सरकारदप्तरी तसाच राहतो, आणि पुढे नोटिसा आपल्या दारावर येतात. म्हणून तीन महिन्यांचे डिपॉझिट ठेवावे आणि पत्ता बदलल्याचा किंवा नोंदणी रद्द झाल्याचा कागद पाहूनच ते परत करावे. ही अट आधी सांगितली तर कुणी रागावत नाही; निघताना सांगितली तर नक्की रागावतो.

काहींना रोज बसायचे नसते, तारखेच्या दिवसापुरते टेबल हवे असते. पाच हजारांना सव्वीस दिवसांनी भागून १९२ रुपये सांगू नयेत, कारण ते टेबल मधले कित्येक दिवस रिकामे राहणार. तीनशे घ्यावेत, वीज त्यातच, आणि पावती द्यावी. अशी दोन टेबले पुरेत, तीही दारालगतची, म्हणजे कायम बसणाऱ्यांच्या मधून येणे-जाणे होत नाही.