वाफेची किंमत कोणी मोजली?

१८२३ साली लँकेशायरमधील टिल्डस्ले या गावच्या सूतगिरणीतील कामगारांनी आपल्यावर लादलेल्या दंडांची यादी छापून लोकांपुढे ठेवली. खिडकी उघडी सापडल्यास एक शिलिंग, काम करताना शीळ घातल्यास एक शिलिंग, घंटेनंतर चार-पाच मिनिटे उशीर झाला तरी दंड, अशी ती यादी होती. तिच्यातील एक कलम मात्र बाकीच्यांहून वेगळे होते. आजारी पडलेल्या कामगाराने मालकाला पसंत पडेल असा बदली आणून दिला नाही, तर त्याने दिवसाला सहा शिलिंग भरावेत. आणि हे पैसे कशाचे, तर वाया गेलेल्या वाफेचे! ही रक्कम सामान्य कामगाराच्या दिवसाच्या कमाईहून कमी नव्हती. औद्योगिक क्रांतीने श्रमिकाच्या जीवनात नेमका कोणता पालट घडविला, हे समजून घ्यायचे तर या एका कलमाचा उलगडा केला तरी पुरे आहे.

वाफ आली आणि कारखाने उभे राहिले, असा आपल्या पाठ्यपुस्तकांचा समज आहे. प्रत्यक्षात क्रम उलटा होता. रिचर्ड आर्कराइटने १७७१ साली डर्बीशायरमधील क्रॉमफर्ड येथे आपली गिरणी काढली, ती पाण्याच्या जोरावर. शेकडो माणसे एका छताखाली, ठरलेल्या पाळ्यांत, घंटेच्या तालावर काम करू लागली ती तेथेच. त्या काळची वाफेची यंत्रे खाणीतील पाणी उपसण्यापुरतीच उपयोगी होती. न्यूकोमेनचे १७१२ सालचे यंत्र एवढा कोळसा खाई की खाणीच्या तोंडाशीच ते परवडे. जेम्स वॉटने वाफ थंड करण्यासाठी निराळे पात्र योजले, त्यामुळे सिलिंडर दर फेऱ्याला निववून पुन्हा तापविण्याची उधळपट्टी थांबली. पुढे १७८१ साली त्याने दांड्याच्या वरखाली गतीपासून चाक फिरविण्याची युक्ती साधली आणि मगच हे यंत्र गिरणीच्या कामाचे झाले. नॉटिंगहॅमशायरमधील पॅपलविक येथे १७८५ साली त्यावर पहिली सूतगिरणी चालली, आणि त्यामागे वरच्या अंगाच्या जमीनदाराशी झालेला पाण्याचा तंटा होता.

तरीही पुढची तीस-चाळीस वर्षे पाणचक्र्या मागे हटल्या नाहीत. पाणी फुकट वाहत होते, तर कोळसा रोज विकत घ्यावा लागे. १८०० साली वॉटच्या पेटंटची मुदत संपली, तरी कापूस उद्योगात वाफेने पाण्याला निर्विवाद मागे टाकले ते १८३० च्या दशकात. मग मालकांनी महाग शक्ती का पत्करली? चांगले धबधबे आधीच कोणीतरी अडविलेले होते, उन्हाळ्यात नद्या आटत आणि हिवाळ्यात गोठत, लँकेशायरमध्ये कोळसा जवळ होता; ही सर्व कारणे खरीच आहेत. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने आणखी एका कारणाकडे पाहिले पाहिजे, आणि ते मजुरांच्या बाजारात सापडते.

नदीकाठच्या गिरणीला माणसे मिळत नसत. चेशायरमधील स्टायल येथे सॅम्युअल ग्रेग याने १७८४ साली गिरणी काढली, तेव्हा त्याला अनाथालयांतून मुले आणून त्यांच्या निवासाची इमारत बांधावी लागली, आणि मोठ्यांसाठी घरे, दुकान, शाळा, प्रार्थनामंदिर अशी वसाहतच वसवावी लागली. अशा आडरानात तरबेज कामगार निघून गेला तर दुसरा कोठून आणावयाचा? मँचेस्टरमध्ये हा प्रश्नच नव्हता. १८०१ मध्ये सुमारे पाऊण लाख वस्तीचे हे शहर १८५१ पर्यंत तीन लाखांवर गेले. तेथे गिरणीच्या दाराशी बदलीची माणसे रोज उभी असत आणि त्यांच्या घराची चिंता मालकाला नव्हती. नदी उचलून शहरात नेता येत नव्हती, कोळसा मात्र कालव्यातून कोठेही नेता येत होता. वाफेने शक्ती स्वस्त होण्याआधी ती मजुरांच्या वस्तीपाशी आणता येऊ लागली, हे तिचे मोठे सामर्थ्य होते.

आता त्या सहा शिलिंगांकडे वळू. हातमागावरचा विणकर घरी दोन दिवस आजारी पडला, तर त्याचा माग तेवढे दिवस थांबे आणि नुकसान त्याच्या एकट्याचे होई. गिरणीत एका यंत्राची शक्ती मुख्य दांड्यावरून, पट्ट्यांच्या द्वारे, प्रत्येक मजल्यावरच्या साच्यांपर्यंत पोचते. एक माणूस गैरहजर राहिला म्हणून बॉयलरचा जाळ विझविता येत नाही. बाकीच्या साच्यांसाठी तो तसाच धगधगत राहतो. म्हणजे कोळशाचा, यंत्राचा आणि गुंतविलेल्या भांडवलाच्या व्याजाचा खर्च माणसाच्या हजेरीवर अवलंबून नसतो. हा अटळ खर्च अधिकात अधिक सुतावर वाटला जावा, यासाठी मालकाला दोन मार्ग होते : यंत्र अधिक तास चालविणे आणि ठरल्या वेळी प्रत्येक माणूस जागेवर असणे. टिल्डस्लेच्या मालकाने खाड्याचे नुकसान सरळ आजाऱ्याच्या माथी मारले. यंत्राची ही गरज खरी होती, पण तिची किंमत कोणी मोजावी हे यंत्र सांगत नव्हते. ते मालक ठरवीत होता. हा भेद कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावा.

तो निर्णय बदलता येतो, हेही इतिहासाने दाखविले. १८३३ च्या कायद्याने नऊ वर्षांखालील मुलांना सूतगिरण्यांत मज्जाव केला, नऊ ते तेरा वयाच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले आणि तपासनीस नेमले. १८४७ च्या कायद्याने स्त्रिया व किशोरांसाठी दहा तासांची मर्यादा घातली. मालकांनी तुकड्यातुकड्यांच्या पाळ्या लावून ती चुकविली, म्हणून १८५० मध्ये कामाची वेळ घड्याळाच्या काट्यांतच बांधून टाकावी लागली. गिरण्या काही बुडाल्या नाहीत. तास घटल्यावर मालकांनी यंत्रांचा वेग वाढविला. अर्थात हा दिलासा निर्भेळ नव्हता, कारण तासांत वाचलेला शीण काही अंशी वेगात वसूल झाला.

मुंबईत १८५४ साली कावसजी दावर यांनी गिरणी कंपनी स्थापन केली आणि वाफेबरोबर तोच हिशेब येथे आला. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत गिरण्या चालत आणि आठवड्याची सुटी नव्हती. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा भरवून रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती आणि वेळेवर पगार मागितला. रविवार मिळायला १८९० साल उजाडले. पुढे विजेचे दिवे आल्यावर सूर्यास्ताचाही आधार गेला आणि १९०५ च्या सुमारास काही गिरण्या चौदा-पंधरा तास चालू लागल्या. प्रौढ पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा आली ती १९११ च्या कायद्याने, आणि नऊ तासांचा दिवस १९४६ च्या कारखाना दुरुस्ती कायद्याने.

हा इतिहास संपला आहे, असे कोणी समजू नये. एप्रिल २०२० मध्ये गुजरात सरकारने महामारीचे कारण देऊन कारखान्यांत बारा तासांचा दिवस आणि जादा कामाला दुप्पट दराऐवजी साधाच दर, अशी अधिसूचना काढली. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. बॉयलरची जागा विजेने घेतली, तरी उभ्या यंत्राचा तोटा कोणाच्या माथी मारायचा, हा प्रश्न तोच आहे. कामाचे तास वाढविण्याचा प्रस्ताव ज्या ज्या वेळी पुढे येईल, त्या त्या वेळी तो मांडणाऱ्याला आपण एवढेच विचारावे की या वाफेचे सहा शिलिंग कोणाच्या खिशातून जाणार आहेत.